चाखणारा

माझ्या नवऱ्याच्या हाताला मिठाचा अंदाज आहे. पाचशे माणसांचं वरण असो की पन्नास माणसांची भाजी, तो डब्यात हात घालतो, मूठ भरतो, आणि न बघताच कढईत सोडतो. पण चाखत नाही. नैवेद्य निघायच्या आधी आचाऱ्यानं तोंडाला लावायचं नाही, हे त्याच्या बापानं त्याला शिकवलं आणि त्यानं ते मरेपर्यंत धरायचं ठरवलेलं. मग चाखायचं कोणी? तर धाकट्या भावानं. माझा दीर कढईशी यायचा, पळीतले दोन थेंब तळहातावर घ्यायचा, जिभेला लावायचा आणि म्हणायचा, "बरोबर हाय." की कढई उतरली. भाऊ चाखतो ते चालतं आणि आपण चाखलं की विटाळ, हा कुठला न्याय, असं मी लग्न होऊन आल्यावर विचारलं होतं. दोघंही हसले होते.

आमचं गाव चिचगडच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला. आजूबाजूच्या गावांतलं लग्न, बारसं, तेरवी, जिथं पंगत तिथं माझा नवरा. दीर त्याच्याबरोबर. दिराची बायको गेली त्याला बरीच वर्षं झाली, लेक कामठ्याला दिलेली. तो आमच्यातच राहायचा, आमच्यातच जेवायचा, आणि माझ्याशी भांडायचा. मी म्हणायची, भाऊजी, आंघोळ करा, अंगाला धुराचा वास येऊन राहिला. तो म्हणायचा, वहिनी, ह्या वासावरच तर तुमच्या घरची चूल पेटते. असा माणूस. बीपीच्या गोळ्या चालू होत्या, तेवढं सोडलं तर अंगानं दणकट.

त्या उन्हाळ्यात गावातच एक लग्न होतं. जेवण आमचंच. वरण, भात, आलूवांग्याची भाजी, बुंदी, मठ्ठा. ऊन असं की मांडवाचं कापड हाताला चटका देत होतं. पंगती उठल्या, वऱ्हाड निघालं, आणि संध्याकाळ व्हायच्या आत नवरीकडच्या चार-पाच पोरांना उलट्या सुरू झाल्या. दोघा-तिघांना पातळ परसाकडे. गावातलं आरोग्याचं काम बघणारी आशाताई आली, मीठ-साखरेचं पाणी पाजायला लावलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तीच पोरं चिंचेखाली गोट्या खेळत होती. झालं, मिटलं, असं मला वाटलं.

मिटतं कशाचं! गावाचं तोंड कोण धरणार? विहिरीवर, गिरणीवर, पानठेल्यावर एकच गोष्ट: आचाऱ्याचा मठ्ठा नासका होता. त्या पोरांनी मांडवाबाहेर रंगीत बर्फाचे गोळे खाल्ले होते, उन्हात ठेवलेले पेढे खाल्ले होते, ते कोणी बोललं नाही. कशानं झालं हे देवाला ठाऊक, मीही छाती ठोकून सांगत नाही. पण नाव मठ्ठ्याचं झालं. शेजारच्या गावातला एक बाप, ज्याच्या मुलीच्या लग्नाचं जेवण आमच्याकडे ठरलेलं होतं, त्यानं निरोप पाठवला की आम्ही दुसरा आचारी पाहिला, राग मानू नका. नवरा त्या दिवशी जेवला नाही. मांडीवर हात ठेवून ओसरीवर बसून राहिला. आणि दीर त्याच्यासमोर उभा राहून एकच वाक्य घोकत होता, "दादा, मठ्ठा मी चाखला होता. बरोबर होता. आंबट नव्हता, काही नव्हता. मी चाखला होता."

हे दिवस तेंदूपत्त्याचे. आमच्याकडे त्या दिवसांत अर्धं गाव पहाटे जंगलात जातं, बिडीची पानं तोडून आणतं आणि दुपारभर त्यांचे जुडगे बांधत बसतं. दीरही जात होता. पाण्याची कॅन मी भरून द्यायची, पण त्या उन्हात ती कॅन किती पुरणार? ती संपली की सगळे नाल्यातल्या झिरीचं पाणी प्यायचे. नाला आटला की रेतीत खड्डा करतात, त्यात पाणी झिरपतं, त्याला झिरी म्हणतात. नितळ दिसतं, थंडगार लागतं. त्याच नाल्याच्या वरच्या अंगाला पानं तोडणारे लोक सकाळी परसाकडे बसतात, हे मला तेव्हा सुचलं नाही आणि कोणालाच सुचलं नाही. पिढ्यान् पिढ्या लोक तेच पाणी प्यायले आहेत.

लग्नाला दोन-तीन दिवस झाले असतील, आणि मला दिसायला लागलं की दिराचं काही तरी बिनसलंय. आमच्या परसात संडास आहे, तरी तो लोटा घेऊन बांधाकडे जाऊ लागला. पुन्हा पुन्हा. जेवायला बसला की दोन घास चिवडून ताट सारायचा. मी विचारलं, काय होऊन राहिलं? तर म्हणे, ऊन लागलं. डोळे आत गेलेले, ओठांना पापुद्रे आलेले. कांदा दिला, कैरीचं पन्हं करून दिलं. पन्हं त्यानं अर्धंच प्यायलं आणि ठेवलं. पाणी म्हटलं की मान हलवायचा. नंतर कळलं, पाणी पोटात गेलं की लगेच उठावं लागायचं, म्हणून त्यानं पाणीच तोडलं होतं. आमच्याकडे बऱ्याच जणांना असंच वाटतं, की वरून घालणं थांबवलं म्हणजे खालून येणंही थांबतं.

मग एका सकाळी मी त्याला हौदाशी आपलं धोतर धुताना पाहिलं. ज्या माणसानं जन्मात स्वतःचा रुमाल पिळला नाही, तो धोतर घासत होता, आणि मला पाहून त्यानं ते घाईनं बादलीत दाबलं. मी बाई आहे, कपडे धुण्यात जन्म गेला, मला काय लपवता? बादलीतून उपसून पाहिलं. रक्त होतं. रक्त आणि शेंबडासारखी आव.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

तो हौदाच्या काठावर बसला. बसला म्हणण्यापेक्षा टेकला. "चार-पाच होतील," म्हणाला.

"काऊन नाही सांगतलं?"

"कायले सांगू? घरच्याच माणसाले हगवण लागली म्हटल्यावर गाव काय म्हणन? आचाऱ्याचा भाऊच पडला, म्हणजे मठ्ठा नासकाच होता. दादाचं उरलंसुरलं नाव जाईल, वहिनी. अन् चाखला तर मी होता."

मला त्या माणसाचा इतका राग आला, इतका राग आला, की मी बादली लाथेनं उलथवली. मग त्यानं एकेक सांगितलं. ताप येऊन जात होता. पोटात पीळ पडत होता. किराणा दुकानातून जुलाब बंद करायच्या गोळ्या आणून खाल्ल्या होत्या. आशाताईच्या घरून, शेजारच्या म्हातारीसाठी पाहिजे असं खोटं सांगून, ते मीठ-साखरेचे पुडे आणले होते. आणि ते कसे घेतले? तर एक पुडा एका गिलासात ढवळून, गोठ्यात उभं राहून, घटाघटा. का, तर लोटाभर बनवून ठेवलं असतं तर मी विचारलं असतं.

"मी शपथ घालतो," तो म्हणाला, "दादाले सांगू नका."

मी म्हटलं, शपथ गेली खड्ड्यात, आणि ओसरीवर जाऊन नवऱ्याला सांगितलं.

आता इथं मला माझ्या नवऱ्याबद्दल जे वाटतं ते सांगते, त्याला वाईट वाटलं तरी चालेल. तो उठून धावला नाही. बसल्या जागी त्यानं पंचानं तोंड पुसलं. मग म्हणाला, "खाण्यानंच झालं असन तर आपोआप निघून जाते. त्या पोरायचं नाही गेलं का? दोन दिवस पाहू. आज लोक येऊन राहिले, बारशाचं जेवण ठरवाले. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मी म्हटलं, "तुमची मूठ झाकून ठेवा. त्याच्या धोतरात रक्त हाय." आणि शेजारच्या ऑटोवाल्याला हाक मारली.

नवरा आला ऑटोत, नाही असं नाही. भावाला काखेत धरून बसला. पण ऑटोवाल्यानं विचारलं, काय झालं भाऊले, तर म्हणाला, गुडघा दुखते. गुडघा! समोर माणूस सीटवर आडवा पडलेला, दर दोन गावांना ऑटो थांबवून झुडपामागे न्यावा लागत होता, आणि ह्याचा गुडघा. ऑटोवाल्यालाही नाक होतं.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, वयानं लहान, बोलायला सरळ. त्यांनी आधी दिराच्या पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती जागच्या जागी तशीच उभी राहिली, हळूहळू खाली बसली. जीभ पाहिली, कोरडीठक्क. हातपाय गार. बीपी मोजलं आणि नर्सला म्हणाल्या, दोन्ही हातांना सलाईन लावा, जोरात सोडा. मग वळून विचारलं, "लघवी शेवटची कधी झाली?"

दिरानं आठवून पाहिलं. "काल थोडी झाली होती. नाही, परवा."

बाईंचा चेहरा बदललेला मी पाहिला.

"बाहेरचं काही खाल्लं होतं? लग्नकार्य, पंगत?"

नवरा पटकन म्हणाला, "नाही. घरचंच."

मी म्हटलं, "खोटं बोलून राहिले. लग्न होतं गावात. जेवण यांनीच बनवलं. पोरायले उलट्या झाल्या, अन् दुसऱ्या दिवशी बरी झाली. याले त्याच्या दोन-तीन दिवसांनी सुरू झालं. ताप आला, रक्त पडून राहिलं." नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. पाहू दे.

बाईंनी हातातलं काम न थांबवता समजावलं. नासक्या अन्नातलं विष असतं ना, ते तासाभरात नाहीतर काही तासांत दाखवतं. उलट्या जास्त, आणि एक-दोन दिवसांत माणूस आपोआप सुधारतो. त्यात मुख्य काम एकच, पाणी भरून काढणं. पण हे तसं नाही. ताप आहे, रक्त आणि आव आहे, आणि तीन दिवस उलटून गेले तरी थांबत नाही. म्हणजे आतड्यात जंतू बसलेत. ते जेवणातून आले की पाण्यातून, हे नुसतं पाहून मी सांगू शकत नाही. त्यासाठी शौच तपासावं लागतं. "असं झालं की घरी थांबायचं नसतं," त्या म्हणाल्या. "आणि रक्त पडत असताना जुलाब बंद करायची गोळी तर मुळीच घ्यायची नसते. त्यानं जंतू आतच कोंडतात."

झाकणाची बाटली दिली. लघवी किंवा पाणी मिसळू नका, रक्ताचा, आवेचा भाग त्यात येऊ द्या, आणि औषध सुरू करायच्या आधी मला ती हवी, असं बजावलं. ती बाटली मीच धरली. नवऱ्यानं दिराला धरून उभं केलं आणि मी बाटली धरली. दीर रडत होता, लाजेनं. वहिनीनं हे करावं! मी म्हटलं, भाऊजी, गप बसा, तुमच्या वहिनीनं याहून वाईट पाहिलंय. पाहिलं नव्हतं.

नर्सनं विचारलं, पुडा किती पाण्यात टाकला? दीर म्हणाला, गिलासात. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो काका, एक पुडा, एक लीटर. पुऱ्या लीटरभर पाण्यात, उकळून गार केलेल्या. गिलासात टाकला की ते इतकं खारट होतं की अंगातलंच पाणी ओढून आतड्यात आणतं, जुलाब आणखी वाढतात. घरी केलं तर चाखून पाहायचं. डोळ्यातल्या पाण्याइतकं खारट, त्याच्यापेक्षा जास्त नको."

चाखून पाहायचं, असं ती म्हणाली, आणि मी नवऱ्याकडे पाहिलं नाही.

मग बाईंनी गोळ्यांचं विचारलं. बीपीची गोळी रोज घेत होते का? हो, दीर अभिमानानं म्हणाला, एक दिवस चुकवली नाही. त्या गोळीत लघवीवाटे अंगातलं पाणी काढायचंही औषध होतं. आधीच जुलाबानं सगळं पाणी गेलेलं, वरून पाणी तोडलेलं, आणि ही गोळी राहिलेलं काढत होती. जुलाब लागले की लगेच येऊन विचारायचं होतं, ही गोळी घेऊ की थांबवू, असं त्या म्हणाल्या. कोणाला विचारणार? विचारायचं म्हणजे सांगायचं, आणि सांगायचं तर नव्हतं.

सलाईनच्या दोन-तीन बाटल्या गेल्या. हात थोडे ऊन झाले, बीपी वर आलं, दिरानं डोळे उघडून विचारलं, वहिनी, तुमी जेवल्या का. पण लघवी झाली नाही. नळी घातली, पिशवीत चहासारखं काळपट दोन घोट आलं आणि थांबलं. रक्ताचा रिपोर्ट पाहून बाईंनी आम्हाला बाजूला घेतलं. अंगातलं पाणी इतके दिवस कमी पडलं की मूत्रपिंडांनी काम सोडलंय, म्हणाल्या. पाणी आता भरलंय, पण ती लगेच सुरू होत नाहीत. रक्तातला क्षार वाढतोय, त्यानं काळीज बंद पडू शकतं. गोंदियाला न्या, मी गाडी बोलावते. नवऱ्यानं विचारलं, वाचन ना? बाई म्हणाल्या, लवकर आणलं असतं तर मी नक्की हो म्हटलं असतं.

गोंदियाच्या मोठ्या दवाखान्यात सगळा कारभार हिंदीत. नर्स येते आणि विचारते, "पेशाब हुआ क्या?" आणि आम्ही दोघं पिशवीकडे पाहतो. दिवसभर तेवढंच काम, त्या पिशवीकडे पाहणं. मशीनवर त्याचं रक्त धुतलं. एकदा धुतलं, पुन्हा धुतलं. जंतूंचं औषध शिरेतून चालू होतं, रक्त पडणं थांबलं, जुलाब कमी झाले. म्हणजे ज्यासाठी घरून निघालो होतो ते बरं होत होतं.

आणि तिथं त्याला तहान लागली. आयुष्यात पाहिली नाही अशी तहान. घरी होता तेव्हा मी गडू घेऊन मागे फिरत होते आणि तो मान हलवत होता. आता तो मागत होता आणि देता येत नव्हतं. लघवीच बाहेर पडत नाही, तर घातलेलं पाणी जाईल कुठं? फुफ्फुसात भरेल, असं डॉक्टरनं सांगितलं. मोजून द्यायचं, बाटलीच्या झाकणानं. कापूस ओला करून ओठाला लावायचा. "वहिनी, एक घोट," तो म्हणायचा. "एक घोट दे वो." मला तुम्ही म्हणायचा तो, जन्मभर. त्या खाटेवर पहिल्यांदा दे म्हणाला. मी कापूस लावायची आणि तोंड फिरवायची.

नवऱ्यानं झाकण भरायचं काम आपल्याकडे घेतलं. डॉक्टर जितकं म्हणेल तितकंच, थेंब इकडं नाही, थेंब तिकडं नाही. एकदा त्यानं झाकण भावाच्या ओठाला लावलं, दिरानं ते जिभेवर घोळवलं, गिळलं, आणि हलक्या आवाजात म्हणाला, "बरोबर हाय." दोघं हसले. खरंच हसले. बाजूच्या खाटेवरची बाई आमच्याकडे पाहू लागली.

कामठ्याहून लेक आली तेव्हा त्यानं तिला ओळखलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मशीनवर न्यायची तयारी चालू असतानाच, त्याचं काळीज थांबलं. छाती दाबली, औषधं दिली. नाही झालं. लेक पायाशी बसून बाबा, बाबा करत होती, आणि माझा नवरा हातात पाण्याचं झाकण धरून उभा होता.

शौचाचा मोठा रिपोर्ट यायला वेळ लागतो, जंतू वाढवून पाहावे लागतात. दिराची माती झाल्यावर तो आला. डॉक्टरीणबाई आणि आशाताई दोघी घरी आल्या. आवेचे जंतू निघाले होते, रक्ती हगवणीचे. आशाताईनं घरोघर फिरून विचारलं होतं. गावात आणखी बरीच माणसं तशीच आजारी होती, आणि सगळी आपापल्या घरात गप्प होती, कारण प्रत्येकाला वाटत होतं मठ्ठ्याचंच आहे, जाईल. सगळी तेंदूपत्त्याला जाणारी. त्यात पलीकडच्या टोल्यावरची, त्या वेगळ्या वस्तीतली, एक म्हातारी होती, जी लग्नाला आलीच नव्हती, त्या जेवणाचा घास तिच्या पोटात गेलाच नव्हता. तिलाही तेच जंतू. झिरीचं पाणी तपासायला नेलं, त्यात घाण निघाली. आजारी माणसांना औषध दिलं, पुडे दिले, लीटरभर पाण्यात कसं करायचं ते करून दाखवलं. ती सगळी वाचली. विचारल्यावर वेळेत सांगितलं म्हणून वाचली.

"तुमच्या जेवणाचा यात काही दोष नव्हता," बाई माझ्या नवऱ्याला म्हणाल्या. चांगल्या मनानं म्हणाल्या.

नवरा म्हणाला, "हो." बस, एवढंच.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी आमची गत. सगळं गाव कढईकडं बोट दाखवत राहिलं, आम्ही कढई झाकत राहिलो, आणि जे होतं ते नाल्यात होतं. माझा दीर भावाच्या नावासाठी मेला, आणि त्याच्या आजाराचा त्या नावाशी संबंधच नव्हता. याचा राग मी कोणावर काढू? मेलेल्यावर काढता येत नाही. मी काढते, तरी काढते. गोठ्यात गेले की काढते.

तेरवीला नवऱ्यानं सांगितलं, जेवण मीच करणार. नातेवाईक म्हणाले, अरे, घरातलं सूतक, तू कायले करतेस, दुसरा आचारी पाहू. तो म्हणाला, त्याच्या जेवणाले दुसऱ्याचा हात नको. पहाटेपासून चुलीशी होता, एकटा. लाकडं त्यानंच फोडली, भाजी त्यानंच चिरली, कोणाला जवळ येऊ दिलं नाही. पंगती बसल्या. सगळं गाव आलं. पानठेल्यावर मठ्ठ्याचं बोलणारे आले. ज्यानं निरोप पाठवला होता तो शेजारच्या गावचा बापही आला, आणि पानावर बसता बसता म्हणाला, भाऊ, आता तर रिपोर्टच आला ना, दिवाळीनंतर आमच्या धाकटीचं हाय, जेवण तुमीच करजा.

मी वाढत होते. पहिल्या पंगतीत लोकांनी वरणभात कालवला, घास घेतला आणि थांबले. एकमेकांकडे पाहिलं. मग मान खाली घालून जेवायला लागले. मला कळेना. स्वयंपाकात जाऊन मी पळीतलं थोडं वरण तळहातावर घेतलं आणि जिभेला लावलं.

मीठ नव्हतं. भाजीत नव्हतं, वरणात नव्हतं, कशातच नव्हतं. मी मिठाचा डबा उचलला आणि धावले, तर नवऱ्यानं माझा हात धरला. "राहू दे," म्हणाला.

सगळ्या पंगती तशाच जेवल्या. एकानंही मीठ मागितलं नाही. लहान पोरं कुरकुरली, त्यांच्या आयांनी त्यांना गप्प केलं. भांडी घासून झाल्यावर, संध्याकाळी, तो थंड झालेल्या चुलीशी बसला होता. मी जवळ जाऊन विचारलं, "विसरले का?"

"नाही," तो म्हणाला. "मूठ भरली होती. मग डब्यातच सोडली. चाखून सांगाले कोणी नव्हतं."